नकुलाचे कवच

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या खुर्सीपार वस्तीत देशाच्या अनेक प्रांतांतील माणसे शेजारीशेजारी राहतात. कुंपणाच्या बाभळीतून एखादा धुरकट रंगाचा प्राणी शेपूट आडवी धरून पळाला, की हिंदी बोलणारा शेजारी 'नेवला' म्हणतो, आपण 'मुंगूस' म्हणतो आणि तेलुगू शेजारी 'मुंगिस' म्हणतो. इंग्रजांनी या प्राण्याला जे नाव दिले तेही त्यांनी मराठीवरूनच उचललेले आहे. नावे अशी निरनिराळी असली तरी त्याच्याविषयीची एक समजूत मात्र सर्वांची एकच असते. नागाशी झुंज देताना मुंगूस मधूनच पळून जातो, कुठलीशी मुळी चावतो, आणि विष उतरले की परत येऊन नागाला ठार करतो. मराठी मुलखात या वनस्पतीला मुंगूसवेल म्हणतात. मात्र ती दाखवा म्हटले, तर दोन गावांतील जाणकार दोन वेगळ्या वनस्पती दाखवतात.

मुंगूस व साप यांचे वैर आपल्या वाङ्मयाला फार जुने परिचित आहे. ज्या प्राण्यांत कायमचा विरोध असतो त्यांच्या नावांचा समास एकवचनी होतो, असा नियम पाणिनीने घातला, आणि त्याच्या टीकाकारांनी 'अहिनकुल' हे त्याचे ठरीव उदाहरण करून टाकले. पंचतंत्रातील बाळाच्या पाळण्याशी साप मारणारा आणि गैरसमजाने जीव गमावणारा मुंगूसही आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु हा प्राणी विषाने मरत कसा नाही, हा प्रश्न आणि त्याचे मुळीचे उत्तर युरोपच्या विद्वानांपुढे छापील स्वरूपात गेले ते आपल्याच किनाऱ्यावरून, गोव्यातून.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला व गोव्यात स्थायिक झाला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये त्याने गोव्यात आपला औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. संवादरूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात सर्पविषावर चालणाऱ्या एका लाकडाचा विषय निघतो आणि ओर्ता सिंहलद्वीपातील मुंगसाची हकीकत सांगतो: नागाशी लढण्याआधी तो प्राणी या मुळीचा आश्रय घेतो, आणि माणसांनी तिचा गुण त्याच्याकडूनच ओळखला. पुढे लिनिअसने १७५३ मध्ये अशाच एका वनस्पतीला शास्त्रीय नाव देताना त्यात 'मुंगोस' हा शब्द घातला, म्हणजे लोककथेवर वनस्पतिशास्त्राचाही शिक्का बसला. याच वर्गात मोडणारी सर्पगंधा ही मात्र खरोखरीच गुणकारी ठरली. रुस्तम वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये तिने रक्तदाब उतरतो असे दाखवून दिले. तथापि रक्तदाब उतरवणे वेगळे आणि नागाचे विष निष्फळ करणे वेगळे. ते दुसरे काम तिच्या हातून होत नाही.

मुळीची कथा बाजूला सारली तर दोन शक्यता उरत होत्या. एक अशी, की मुंगूस लहानपणापासून सापांकडून थोडेथोडे चावून घेतो व त्यामुळे विषाला सरावतो. दुसरी अशी, की त्याच्या देहाची घडणच तशी आहे. यांतील पहिल्या शक्यतेची परीक्षा आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोठ्या चतुराईने केली. हाच काल्मेत १८९० नंतरच्या दशकात सर्पविषावरील लशीच्या आद्य कर्त्यांपैकी एक म्हणून नावारूपास आला होता. वेस्ट इंडीजमधील ग्वादलुप बेटावर उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या नाशासाठी मुंगूस आणून सोडलेले होते, आणि त्या बेटावर विषारी साप मुळीच नाहीत. तेथे जन्मलेल्या मुंगसाला नाग कधी चावला असण्याचा संभव नव्हता. काल्मेतने असे मुंगूस मागवून त्यांच्यावर नागाच्या विषाचा प्रयोग केला. इतर लहान प्राण्यांना ठार करणाऱ्या मात्रेने ते मेले नाहीत. मात्रा मोठी केली तेव्हा मात्र मेले. या एका प्रयोगाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. मुंगसाची शक्ती जन्मजात आहे, आणि ती मर्यादित आहे.

ही शक्ती देहात कोठे असते, याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे लागली. ते समजण्यासाठी नाग चावला म्हणजे काय घडते हे आधी पाहिले पाहिजे. आपण बोट हलवू म्हणतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य बाहेर पडते, आणि स्नायूच्या पृष्ठावर असलेल्या प्रथिनाच्या खाचेत ते किल्लीसारखे बसते. खाच उघडली की स्नायू आखडतो. नागाच्या विषातील एक प्रमुख घटक याच खाचेत येऊन घट्ट बसतो, परंतु कुलूप उघडीत नाही, नुसते अडवून धरतो. म्हणून नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या प्रथम जड होऊन मिटू लागतात, मग जीभ अडखळते, घोट गिळता येत नाही, आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबले की मृत्यू येतो. हृदय त्या वेळी चालू असते, परंतु छाती हलत नाही.

१९९२ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील सारा फुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंगसाचे हे कुलूप तपासले. त्यांनी घेतलेला मुंगूस इजिप्तचा होता, म्हणजे आपल्या मुंगसाचा जवळचा भाऊबंद. त्याच्या कुलपात ॲसिटिलकोलीनची किल्ली नीट बसते, सापाचे विष मात्र बसत नाही, असे त्यांना आढळले. इतर प्राण्यांचे व मुंगसाचे प्रथिन शेजारी ठेवून त्यांनी एकेक घटक ताडून पाहिला. खाचेच्या तोंडाशी मोजक्याच जागी फरक होता. १८७ व्या स्थानी मुंगसाच्या प्रथिनाला शर्करेची एक लांब शेपटी चिकटलेली असते, आणि ती विषाच्या मोठ्या रेणूला आत येऊ देत नाही. ॲसिटिलकोलीन लहान असल्यामुळे तिच्या बाजूने निघून जाते. १९४ व १९७ या स्थानी इतर प्राण्यांत प्रोलीन असते, मुंगसात ते नसते, आणि त्यामुळे विषाला टेकायला आधार राहत नाही. पुढे १९९५ मध्ये त्यांनी मुंगसाच्या तुकड्यात या दोन जागी प्रोलीन घालून पाहिले, तेव्हा विष पुन्हा चिकटू लागले. याहून स्पष्ट पुरावा मागायचा तो कोणता? नागाने स्वतःच्या विषाला बळी पडू नये म्हणून निसर्गाने त्याच्या स्नायूंतही शर्करेची अशीच युक्ती केलेली दिसते. म्हणजे या शत्रूंच्या अंगी एकच कवच आहे.

आता आणखी एक प्रश्न उरतो. इतके चांगले कवच असताना झुंजीत मुंगूस इतका सावध का असतो? तो नागाभोवती घिरट्या घालतो, अंगावरचे केस फुलवतो, हुलकावणी देतो, नागाने झेप घेतली की मागे सरतो. फणा काढून उभा राहिलेला नाग वरून खाली मारा करतो, आणि त्याचा पल्ला उभारलेल्या देहापुढे फारसा जात नाही. हा पल्ला मुंगसाला नेमका ठाऊक असतो. नाग दमतो, फणा खाली येतो, तेव्हा कोठे तो डोके पकडतो. कवचावर पूर्ण भरवसा असता तर ही सारी कवाईत त्याने केली नसती.

कारण असे, की हे कवच एकाच दारावर आहे. नागाचे विष म्हणजे एक द्रव्य नव्हे, ते अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. स्नायूचे कुलूप अडवणारे घटक त्यांतील काहीच होत. इतर काही पेशींची कातडी फाडतात, चाव्याच्या जागेचे मांस कुजवतात, रक्तपेशी फोडतात. त्यांना मुंगसाच्या बदललेल्या कुलपाशी काही कर्तव्य नसते. डोळ्यावर किंवा तोंडावर दात बसला, तर पक्षाघात न होताही डोळा जाऊ शकतो, जबडा सुजू शकतो, जखम चिघळू शकते. शिकार करून जगणाऱ्या प्राण्याला हे मरणाइतकेच महाग पडते. शिवाय भरपूर विष अंगात गेले, तर काल्मेतच्या प्रयोगाप्रमाणे तो मरतो. मण्यारीच्या विषातील प्रमुख घटक तर मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करतो, म्हणजे ॲसिटिलकोलीन बाहेर पडण्याच्या आधीच. तेथे स्नायूचे कुलूप कितीही बदललेले असले तरी उपयोग नाही. घोणस रक्ताच्या गोठण्यावर घाला घालते, तोही निराळाच मार्ग झाला. म्हणूनच मुंगूस सापाच्या मागे नेहमी धावत नाही. त्याचा रोजचा आहार उंदीर, किडे, सरडे, अंडी हा असतो, आणि मोठ्या नागाला तो बहुधा टाळतो.

गारुड्यांच्या खेळांत मात्र ही गोष्ट उलटी दिसे. तेथे नागाचे विषाचे दात बहुधा काढलेले असत किंवा तोंड शिवलेले असे, आणि मुंगूस बेधडक त्याच्या अंगावर जाई. त्या खेळांतून मुंगसाचे सामर्थ्य दिसत नव्हते, नागाचे दौर्बल्य दिसत होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाल्यापासून ते बेकायदेशीर आहेत.

या सर्व कथेतून माणसाला मिळते ते काय? मुंगसाचे खरे कवच त्याच्या स्नायूच्या घडणीत आहे, म्हणून ते कुणाला काढून देता येत नाही. त्याचे रक्त, मांस वा केस यांनी नागाचे विष उतरत नाही, आणि त्याने चावलेली म्हणतात ती मुळीही उतरवीत नाही. घोड्याची गोष्ट वेगळी आहे. घोड्याचे स्नायू आपल्यासारखेच विषाला बळी पडतात. परंतु त्याला विषाची सूक्ष्म मात्रा टोचून, पुढे ती सावकाश वाढवीत नेली, की त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. हे रक्तातील संरक्षण बाटलीत भरता येते. मुंबईला हाफकिनचे नाव धारण करणाऱ्या संस्थेत नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरची लस अशीच घोड्यांच्या रक्तापासून होत आली आहे.

सन २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली असा अंदाज आहे. यांतील मृत्यू बहुतेक खेड्यांत होतात, आणि मुळी, मंत्र व वैदू यांच्यात तास निघून जातात ते याच रुग्णांचे. दंश झालेला हात वा पाय न हलवता, न कापता, न चोखता, रुग्णाला इस्पितळात न्यावे. पापण्या जड होऊ लागल्या तर क्षणही दवडू नये. विषाने अडवलेली श्वासाची यंत्रणा कृत्रिम श्वासोच्छ्वासाने सांभाळता येते आणि लस आपले काम करते. मुंगसाला हे उपाय लागत नाहीत, पण तोही नागाच्या अंगावर बेफिकिरीने जात नाही.