उत्सवातील मान आणि हिशेब

गणपतीचे, नवरात्राचे किंवा ज्ञातिमेळाव्याचे काम काढले की कार्यकर्त्यांत तंटा उभा राहतो, हा अनुभव मेहकर तालुक्यात आमच्या डोणगावास जसा आहे तसा तो मोठमोठ्या शहरांसही आहे. अशा तंट्यांचा इतिहास पाहू लागलो तेव्हा आम्हांस असे आढळले की, भांडण वरून मानाचे दिसत असले तरी त्याच्या मुळाशी ‘निर्णय कोणी घ्यावयाचा’ हाच प्रश्न बहुधा असतो.

प्रथम मानाची गोष्ट घेऊ. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यानंतर लवकरच, १८९४ च्या सुमारास, विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोणी राहावे यावरून वाद झाला असे सांगतात. तो लोकमान्य टिळकांकडे गेला, आणि कसबा गणपती हे ग्रामदैवत म्हणून पहिले व तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता म्हणून तिचा गणपती दुसरा असा क्रम ठरला. गुरुजी तालीम तिसरी व तुळशीबाग चौथी. खुद्द टिळकांच्या केसरीवाड्याचा गणपती या मानाच्या पाचांत पाचवा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. निवाड्याची कसोटी वर्गणीची, आरासीची किंवा कोणाच्या पुढारीपणाची नव्हती. ग्रामदैवताचे अग्रत्व भांडणाऱ्या सर्वच पक्षांस आधीपासून मान्य होते. म्हणूनच तो क्रम आजवर चालत आला.

तथापि जुना निवाडा नव्या मंडळींस जाचतोही. पाच मानाचे गणपती गेल्यावाचून इतरांस लक्ष्मी रस्त्याने जाता येत नाही, या प्रथेविरुद्ध बढाई समाज ट्रस्टने २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. श्रेयाचाही वाद तेथे मिटलेला नाही. पुणे महापालिकेने २०१७ साली उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे करावयाचे ठरविले, तेव्हा भाऊसाहेब रंगारी मंडळाने हरकत घेतली. उत्सवाचा आरंभ १८९२ साली रंगारी यांनी केला, असे त्यांचे म्हणणे. आरंभाच्या बैठकीचे इतिवृत्त त्या वेळी कोणी लिहून ठेवले असते तर सव्वाशे वर्षांनंतर हे भांडण उरलेच नसते. आमच्याकडे तर गेल्या वर्षीच्या बैठकीचेही इतिवृत्त सापडत नाही, तेथे पुणेकरांस नावे ठेवण्यात अर्थ नाही!

आता निर्णयाच्या हक्काचा प्रसंग पाहू. तो मुंबईस दादर येथे १९२६ साली घडला. तेथील सार्वजनिक गणेशोत्सवासाठी वर्गणी सर्व हिंदूंकडून, अस्पृश्य मानलेल्या बंधूंकडूनही, घेतली जाई. कारभार मात्र ब्राह्मण मंडळींच्या हाती असे, आणि पूजेचा अधिकार इतरांस नव्हता. प्रबोधनकार ठाकरे यांनी अस्पृश्यांसही पूजेचा हक्क मिळावा अशी मागणी केली आणि ती न मानल्यास मूर्ती फोडण्याची धमकी दिली. डॉ. आंबेडकर व रावबहादुर सीताराम केशव बोले हेही त्या प्रकरणात होते. वाटाघाटी होऊन तोडगा निघाला तो असा : ब्राह्मण पुजाऱ्याने नित्याची पूजा करावी, नंतर एका दलित कार्यकर्त्याने पुजाऱ्याच्या हाती फुले द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीस वाहावीत. ही हकीगत आपणांस मुख्यतः प्रबोधनकारांच्या ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रातून मिळते, म्हणजे ती एका पक्षाची आहे, हे वाचताना विसरू नये.

या तोडग्याने तो दिवस निभावला, परंतु उत्सव टिकला नाही. चालकांनी तो बंद केला, आणि प्रबोधनकारांनी त्याच वर्षी दादरास सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. आमच्या मते याचे कारण उघड आहे. फुले कोणी वाहावीत हे ठरले, पण वर्गणी देणाऱ्यास कारभारात मत आहे की नाही, हे ठरलेच नाही. मूळ प्रश्न तसाच राहिला, म्हणून दोन्ही पक्षांनी वेगळ्या वाटा धरल्या.

गावच्या समितीतही नेमके हेच घडते. एका घराने मोठी रक्कम दिलेली असते, दुसऱ्याच्या मुलांनी रात्री जागून मंडप उभारलेला असतो, आणि निमंत्रणपत्रिकेवर नाव तिसऱ्याचेच वर छापले जाते. पत्रिका पुन्हा छापल्याने हे मिटत नाही. सभासद कोण, हे प्रथम ठरावे लागते. अमुक तारखेपर्यंत ठरावीक वर्गणी भरणारा तो सभासद, प्रत्येकास मत एकच, देणगी कितीही असो. ही व्याख्या उत्सवाच्या आधी वहीत लिहून सह्या घ्याव्यात. मंडप उभारणाऱ्या तरुणांकडून वर्गणी घ्यावयाची नसेल तर श्रमालाच वर्गणी समजावे, पण तसे स्पष्ट लिहावे.

तंटा आधीच पेटला असेल आणि दोन गट आपापली समिती खरी म्हणत असतील, तर मागे जावे. ज्या वर्षीची सभा दोघांसही मान्य आहे त्या वर्षाची सभासदयादी काढावी आणि तिच्यावरील प्रत्येकास विषयपत्रिकेसह सूचना देऊन, पोच घेऊन, नवी सभा बोलवावी. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास पदाधिकारी बदलल्याचा अहवाल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. दोन्ही गटांनी वेगवेगळे अहवाल दाखल केले तर चौकशी वर्षानुवर्षे लांबू शकते. तेथे मोठ्या आवाजाचा काही उपयोग नसतो. सूचनेची पोच, हजेरीच्या सह्या व इतिवृत्त हीच कामास येतात.

राहता राहिला पैसा. अफरातफरीपेक्षा गोंधळच अधिक असतो, असे आम्ही अनेक वह्या पाहून म्हणतो. कार्यकर्ता वर्गणी गोळा करतो आणि त्याच रकमेतून वाजंत्रीवाल्यास परस्पर देऊन टाकतो. ना जमा, ना खर्च. पुढे त्याच्यावर संशय येतो आणि तो रागावतो; दोघांचेही चुकत नाही. म्हणून जमलेला पैसा आधी पूर्ण जमा व्हावा आणि खर्च दोन सह्यांनी निराळा व्हावा.

तपासणीची रीत सोपी आहे. समजा, पन्नास पानांची दहा पावतीपुस्तके वाटली, म्हणजे पावत्या ५०० झाल्या. उत्सवानंतर सर्व पुस्तके परत घ्यावीत. फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती ४३०, दोन्ही प्रतींसह रद्द केलेल्या ८ आणि कोऱ्या ५५ निघाल्या, तर बेरीज ४९३ होते. सात पावत्यांचा पत्ता नाही. कोणते पुस्तक कोणाकडे होते याची नोंद वाटपाच्या वेळीच घेतलेली असेल, तर त्या सातांचे अनुक्रमांक पाहून एकाच माणसास शांतपणे विचारता येते. ती नसेल तर संशय दहाही जणांवर जातो, आणि पुढील वर्षी त्यांतील पाच-सहा जण तरी येत नाहीत. स्थळप्रतींवरील रकमांची बेरीज बँकेतील जमेशी ताडावी. हे काम त्या वर्षी कोणतेही पद न घेतलेल्या दोन सभासदांकडे द्यावे, एकेका गटाने एकेक निवडावा, आणि मंडपवाल्याची व वाजंत्रीची बिले चुकती झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्चाचा कागद मंदिराच्या भिंतीवर सर्वांस वाचता येईल असा लावावा.