रोखलेले आंतरराष्ट्रीय प्रदान

निर्बंध-यादीतील नावाशी साम्य आढळल्याने बँकेने पडताळणीपुरते थांबवलेले परदेशी प्रदान. अमेरिकेच्या वित्त खात्यातील परदेशी मालमत्ता नियंत्रण कार्यालय (ओफॅक) 1950 मध्ये स्थापन झाले. डॉलरमधील बहुतेक प्रदाने अमेरिकी मध्यस्थ बँकांतून जात असल्याने त्याची यादी इतर देशांतील व्यवहारांनाही लागते (→ प्रतिनिधी बँक).

संगणक स्विफ्ट संदेशातील नाव, पत्ता व कारण यादीशी ताडून पाहतो (→ स्विफ्ट). साम्य अंशतः असले तरी प्रदान थांबते. उदा., मुंबईतील ‘इराणी’ आडनाव देशाच्या नावाशी जुळू शकते. अशा वेळी लाभार्थीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व व पत्ता दिल्यास यादीतील व्यक्ती वेगळी असल्याचे दाखवता येते. व्यापारी प्रदानास बीजक, मालाचे वर्णन व जहाजाचा आयएमओ क्रमांक लागतो. ‘सेवा’ इतकेच कारण सहसा अपुरे ठरते. मध्यस्थ बँक प्रेषकाशी थेट बोलत नाही. उत्तर त्याच्या स्वतःच्या बँकेमार्फत, व्यवहाराच्या यूईटीआर क्रमांकासह जाते.

साम्य खरे ठरल्यास रक्कम गोठवली जाते. मग कागदपत्रे पुरत नाहीत, ओफॅकचा परवाना लागतो (→ आर्थिक निर्बंध).