घरात रेंज नाही? VoLTE की वाय-फाय कॉलिंग, कुठे काय कामाला येते

मोहल्ल्यातल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे नवीन नाही. फोन वाजतो, आपण उचलतो आणि "हॅलो, हॅलो" करत दाराकडे धावतो. आमच्या घरी आतल्या खोलीत अम्मी आजारी असायची आणि नेमका डॉक्टरांचा फोन तिथेच कटायचा. मग आम्ही यामागे लागलो.

VoLTE म्हणजे तुमचा आवाज 4जी नेटवर्कवरून जाणे. त्याला वाय-फाय लागत नाही, पण टॉवरची 4जी रेंज लागतेच. आवाज स्वच्छ येतो आणि कॉल लवकर लागतो, म्हणून लोकांना वाटते की VoLTE चालू केले की घरातली रेंजही सुधारेल. तसे होत नाही. भिंतीने अडवलेला सिग्नल अडलेलाच राहतो. त्या वेळी एअरटेल किंवा व्हीआयचा फोन 2जीवर उतरून कॉल कसाबसा टिकवू शकतो. जिओकडे 2जी नाहीच, त्यामुळे 4जी गेले की कॉल गेला.

वाय-फाय कॉलिंगमध्ये तोच कॉल तुमच्या राउटरमधून, ब्रॉडबँडच्या तारेने कंपनीपर्यंत पोचतो. टॉवरची गरज पडत नाही. हे व्हॉट्सअॅप कॉलसारखे नाही बरं का! नंबर तुमचाच दिसतो, समोरच्याकडे नेट नसले तरी चालते, लँडलाइनलाही लागतो. देशातल्या कॉलला पैसे नेहमीच्या प्लॅनप्रमाणेच, आणि डेटा मिनिटाला साधारण एक एमबीच्या आतच जातो.

आता घरात कुठे काय वापरायचे, हे दांड्या बघून ठरवू नका, त्या फसवतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings, मग About phone, मग SIM status उघडा. तिथे Signal strength पुढे dBm मध्ये उणे आकडा दिसेल. तो शून्याच्या जितका जवळ तितके बरे. -90 च्या आसपास असेल तर निर्धास्त बोला. -110 च्या खाली आवाज तुटायला लागतो आणि -120 ला कॉल टिकेल याचा भरवसा नाही. आमच्याकडे खिडकीत -101 होता आणि अम्मीच्या खोलीत -118. मध्ये फक्त दोन जाड भिंती! म्हणजे खिडकीत VoLTE पुरेसे होते, आत मात्र वाय-फाय कॉलिंगशिवाय इलाज नव्हता.

ते चालू केले तरी आठवडाभर कॉल तुटतच होते. कारण राउटर होता बाहेरच्या खोलीत, दारामागे. अम्मीच्या खोलीत वाय-फायही अर्धमेलेच पोचायचे. फोन त्या कमजोर वाय-फायला चिकटून बसायचा आणि आवाज रोबोटसारखा यायचा. राउटर मधल्या पॅसेजमध्ये उंचावर लावला, फोन 5 गिगाहर्ट्झऐवजी 2.4 वर जोडला (भिंतीतून तोच जास्त आत जातो), आणि त्रास संपला.

वाय-फाय कॉलिंग खरंच चालतेय का, याची सोपी परीक्षा आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि साधा कॉल लावा. लागला तर सगळे ठीक. नाही लागला तर सेटिंगमध्ये Wi-Fi Calling चालू आहे का, ते आधी बघा. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी वेगळे बघावे लागते. घरी लागतो पण ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर लागत नाही, असे असेल तर बहुधा तिथल्या नेटवर्कने हा रस्ता बंद केलेला असतो. तिथे फोनची काही चूक नाही.

वाय-फाय कॉलिंग चालू केले म्हणून VoLTE बंद करू नका. बोलत बोलत तुम्ही घराबाहेर पडलात की फोन चालू कॉल वाय-फायवरून 4जीवर सोपवतो. VoLTE बंद असेल किंवा जिन्यात 4जी नसेल तर कॉल तिथेच तुटतो. आमच्या जिन्यात आजही तुटतो, म्हणून महत्त्वाचे बोलणे असेल तर आम्ही घरातच बसून पूर्ण करतो. लिफ्टचे तर बोलूच नका, त्या लोखंडी डब्यात दोन्ही हरतात.

लाइट गेली की राउटर बंद आणि वाय-फाय कॉलिंगही बंद. टॉवरला बहुधा बॅटरी असते, तेव्हा अशा वेळी खिडकी गाठून VoLTE वरच बोलायचे. घरात आजारी माणूस असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा, असे आमचे मत आहे. आणि वाय-फायवरून 112 ला फोन लागला तर तुमचे ठिकाण त्यांना आपोआप नीट कळेलच असे धरून चालू नका. आधी गल्ली, इमारत आणि मजला तोंडाने सांगा.