समवाय पद्धती (बांबूकाम)

हस्तोद्योगातून वस्तू घडवता घडवता गणित-विज्ञान शिकवण्याची पद्धत. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला आणि रोजचे ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली. सेवाग्रामात सूत होते. शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हाताशी येतो तो बांबू. मात्र टोपली विणली म्हणजे गणित आले, असे होत नाही. कामटी कापण्याआधी मुलाला अंदाज बांधावा लागला आणि तो चुकल्याचे टोपलीनेच दाखवले, तरच ते येते.

२८ सेंमी व्यासाच्या बुडाची, २० सेंमी उंचीची टोपली घ्या. बुडाचा घेर साधारण ८८ सेंमी. उभ्या कामट्या चार-चार सेंमीवर हव्यात, म्हणजे टोके २२. प्रत्येक कामटी मध्यातून आरपार जाऊन दोन टोके देते, म्हणून कामट्या ११. एकीची लांबी बुडाचे २८, दोन्ही बाजूंचे ४० आणि काठाला दुमडायला १२, एकूण ८० सेंमी. इथवर हिशेब सरळ आहे. पण एकच आडवी पट्टी वर-खाली घालत विणू लागले, की दुसरा फेर पहिल्याच्याच वाटेने जातो आणि वीण बांधली जात नाही. टोकांची संख्या सम असल्याचा हा परिणाम. एक टोक उभे चिरून २३ केली, की प्रत्येक फेर आपोआप उलटा पडतो. आरपार कामट्यांची टोके कधीच विषम का होत नाहीत, हा प्रश्न इथे विचारला नाही तर तास वाया गेला. घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी उदाहरणाच्या वाक्यरचनेशी झगडावे लागते; इथे उत्तर तपासायला भाषा आड येत नाही. शेवटी टोपलीत सुमारे १२.३ लिटर मावेल असे काढावे आणि लिटरच्या मापाने धान ओतून पाहावे. फुगीर बाजूंमुळे फरक पडतो, त्याचे कारण मुलांनी शोधावे. विज्ञानाचा धागा भुंग्याचा. तो बांबूतल्या पिष्टासाठी येतो. पाण्यात मुरवलेल्या आणि न मुरवलेल्या कामटीवर आयोडीनचा थेंब टाकून निळसर-काळा रंग कुठे गडद येतो, ते पाहता येते.

ही पद्धत बुरुडाच्या मुलाला बुरुडकामातच अडकवील, हा आक्षेप खरा ठरतो तो काम ठरावीक मुलांनाच दिले तर. सगळ्या वर्गाने विणले तर नाही. ऋण संख्या टोपलीतून ओढूनताणून काढू नयेत, त्या फळ्यावरच शिकवाव्यात. सर्वांत गंभीर आक्षेप मुलांच्या श्रमाचा. कमाईच्या भरात शिक्षण मागे पडेल, असा इशारा झाकिर हुसेन समितीनेच दिला होता. त्याची कसोटी सोपी आहे: माप किंवा आकार बदलला तर पुढची टोपली नवे काही शिकवते. तीच टोपली पुन्हा पुन्हा विणून घेणे हे उत्पादन आहे. त्याला गणिताचे तास देऊ नयेत.