बुऱ्हाणपूरचे ऊन : उसाचा रस, शहाळे की स्पोर्ट्स ड्रिंक?
मे महिन्यात बुऱ्हाणपुरात घामाने अंग भिजले की पाय आपोआप रसवंतीकडे वळतात. 250 मिलीच्या हिशेबाने उसाचा रस, शहाळ्याचे पाणी आणि स्पोर्ट्स ड्रिंक या तिन्हींत प्रथिने व चरबी नावालाच. खरा फरक साखरेचा. रसात ती साधारण 30 ते 40 ग्रॅम, स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये 15, तर शहाळ्यात 10च्या आसपास असते. घामातून मात्र मुख्यतः सोडियम जाते. ते स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये शंभरेक मिलिग्रॅम मिळते, रसात अगदीच थोडे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. म्हणून अर्धा ग्लास रसात तेवढेच पाणी आणि छोटी चिमूट, म्हणजे पाव ग्रॅम मीठ घातले, की साखर निम्मी होते आणि सोडियमही शंभराच्या घरात जाते. मधुमेह असलेल्यांनी रस टाळावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळे डॉक्टरांना विचारूनच प्यावे.