पन्नास-पन्नास कोस आणि ४२ चिन्हं

मी हिंदी सिनेमांना मराठी सबटायटल्स लिहिते, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ती कशाला? हिंदी तर सगळ्यांनाच कळतं!"

सगळ्यांना कळतं, हे आपण गृहीत धरलंय. १९३०च्या दशकात प्रभात फिल्म कंपनीने ते धरलं नव्हतं. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' त्यांनी मराठीत काढला आणि हिंदीतही. १९३७ सालचा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, १९३९ सालचा 'माणूस' हिंदीत 'आदमी'. प्रसंग तोच, सेट तोच, पण संवाद दोन भाषांत दोनदा चित्रित व्हायचे. शांता आपटे दोन्ही भाषांत स्वतः बोलल्या. त्यामुळे एका भाषेचं वाक्य दुसऱ्या भाषेत किती जागा खातं, हा प्रश्न तिथे आलाच नाही. मराठी वाक्य लांबलं, तर नट आणखी थोडा वेळ बोलायचा.

सबटायटलमध्ये नट थांबत नाही. तो हिंदीत बोलून मोकळा होतो आणि मला तेवढ्याच वेळात मराठी वाचून संपवायचं असतं.

या मर्यादेचा इतिहास फिल्मच्या पट्टीत आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट. जुने सबटायटलकार संवादाचा वेळ घड्याळात नाही, तर फूट आणि चौकटींत मोजायचे. अक्षरं थेट प्रिंटवर कोरली जायची, त्यामुळे ती ठसठशीत आणि मोजकीच हवीत. पुढे युरोपातल्या टीव्हीवर 'सहा सेकंदांचा नियम' रुळला: दोन पूर्ण भरलेल्या ओळी वाचायला सहा सेकंद. आज माझ्यासारखीच्या हातात येणाऱ्या सूचनापत्रात ओळीला ४२ चिन्हं आणि जास्तीत जास्त दोन ओळी असं लिहिलेलं असतं. त्याखेरीज वाचनाचा वेग. मी ज्या कामाबद्दल सांगतेय, तिथे तो सेकंदाला १५ चिन्हं होता.

हे सगळे आकडे रोमन लिपीवर बेतलेले आहेत. 'घर' या शब्दाची संगणक दोन चिन्हं मोजतो. ते बरोबरच. पण 'स्त्री'ची मोजतो सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. डोळ्याला मात्र ते एकच अक्षर दिसतं. म्हणजे पडद्यावर जागा रिकामी असते आणि सॉफ्टवेअर लाल दिवा दाखवत असतं. त्या दिव्याशी वाद घालून उपयोग नसतो, लिहावं त्याच्याच हिशोबाने लागतं.

आता एक वाक्य घेऊन बघू. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला आला. त्याचे संवाद लोकांना इतके आवडले की गाण्यांसारख्या संवादांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या. सबटायटल लिहिणाऱ्यासाठी हे संकटच, कारण प्रेक्षकाला मूळ वाक्य पाठ असतं. गब्बरसिंग स्वतःच्या दहशतीचं वर्णन करतो, ते वाक्य असंच. शब्दाला शब्द ठेवून त्याचा पहिला भाग मराठीत असा होतो:

इथून पन्नास-पन्नास कोस दूर असलेल्या गावात
जेव्हा रात्री मूल रडतं, तेव्हा आई म्हणते,

दोन्ही ओळी ४१-४१ चिन्हांच्या. ४२मध्ये बसल्या! पण एकूण चिन्हं झाली ८२. सेकंदाला १५च्या वेगाने ती वाचायला साडेपाच सेकंद लागतील. समजा, या तुकड्याला चारच सेकंद आहेत. चार सेकंदांत ६० चिन्हं. म्हणजे २२ चिन्हं कापायला हवीत.

सगळ्यात सोपं म्हणजे एक 'पन्नास' उडवायचा. हायफनसकट सात चिन्हं वाचतात. पण इथेच हिंदी-मराठीची जवळीक आडवी येते. जपानी सिनेमा बघताना अनुवादकाने काय गाळलं, ते आपल्याला कळत नाही. हिंदीत मात्र कान 'पचास-पचास' ऐकतो आणि डोळ्याला एकच पन्नास दिसतो. प्रेक्षक लगेच अडखळतो, कारण तो सबटायटल वाचत नसतो, तपासत असतो.

मग कात्री लावायची कुठे? 'जेव्हा-तेव्हा'ला. ही हिंदीतल्या 'जब-तो'ची सावली आहे. मराठी आई असं बोलत नाही. 'मूल रडलं की' म्हटलं की काम भागतं. 'दूर असलेल्या' तर मराठीला लागतच नाही, 'कोसांवरच्या' या एका शब्दात ते अंतर मुरलेलं आहे. 'इथून'ही त्यातच आलं.

पन्नास-पन्नास कोसांवरच्या गावात
रात्री मूल रडलं की आई म्हणते,

३१ आणि २९. बरोबर ६०. (त्या ३१ चिन्हांच्या ओळीत डोळ्याला दिसणारी अक्षरं फक्त १४ आहेत.) कोस राहिले, रात्र राहिली, मूल राहिलं, आई राहिली. गेलं ते फक्त वाक्य जोडणारं सामान.

उरलेला भाग 'झोप बाळा, झोप, नाहीतर गब्बरसिंग येईल.' ३७ चिन्हांचा, एका ओळीत मावणारा. तरीही मी तो 'नाहीतर'पाशी तोडून दोन सबटायटल्स करते. एकत्र ठेवला, तर गब्बर स्वतःचं नाव उच्चारण्याआधीच प्रेक्षक ते वाचून मोकळा होतो आणि अमजद खानचा आवाज त्याच्या मागून धावत येतो.

बसंतीच्या बाबतीत हेच जरा लांबून सांभाळावं लागतं. टांग्याजवळची तिची अखंड बडबड कोणत्याच वेगमर्यादेत बसत नाही, निम्मी तरी कापावी लागते. कापताना मोह होतो तो तिने मध्येच घेतलेलं स्वतःचं नाव गाळायचा, कारण पहिल्या नजरेला ते फालतू वाटतं. पण थोड्याच वेळाने जय शांतपणे विचारतो, "तुम्हारा नाम क्या है, बसंती?" आधीचं नाव गेलं असेल, तर हा विनोद मेला. 'तुझं नाव काय, बसंती?' लिहायला सोपं आहे. पण तो विनोद जिवंत ठेवायचं काम आधीच्या सबटायटलमध्येच करून ठेवावं लागतं.

म्हणूनच माझा नियम असा: कात्री व्याकरणाला लावायची, मजकुराला नाही.

"आवाज ऐकू येतोच आहे, थोडं गाळलं तर काय बिघडलं?" असंही मला सांगितलं जातं. पण मराठी सबटायटल दोन वेगळी माणसं वाचतात. एकाला हिंदी ऐकू येतं, अर्धंमुर्धं कळतं आणि तो प्रत्येक शब्द ताडून बघतो. दुसऱ्याला ऐकूच येत नाही. मराठी शाळेत शिकलेला कर्णबधिर मुलगा ओठ बघून हिंदी ओळखेल, ही अपेक्षा चूक आहे. त्याच्यासाठी गब्बरचा आवाज नाही, फक्त या ओळी आहेत. एक 'पन्नास' गाळला, तर पहिला माणूस फार तर नाक मुरडेल, पण दुसऱ्याला तो पन्नास होता हे कधीच कळणार नाही. जेव्हा-तेव्हा गाळलं, तर दोघांचंही काही अडत नाही.