३४ टक्के की ७१ माणसं?

१९८७ साली हेलसिंकी हार्ट स्टडीचा निकाल आला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या सुमारे ४,००० मध्यमवयीन पुरुषांपैकी निम्म्यांना जेमफायब्रोझिल दिलं, बाकीच्यांना प्लासिबो. निष्कर्ष होता: हृदयविकाराच्या घटना ३४ टक्क्यांनी कमी. ऐकायला भारी वाटतं ना? पण ३४ टक्के कशाचे, हे आधी विचारा.

पाच वर्षांत प्लासिबो गटात हजारी ४१ जणांना त्रास झाला, औषधाच्या गटात २७ जणांना. फरक १४. १००० भागिले १४, म्हणजे साधारण ७१. एक घटना टाळायला ७१ जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. ही उलटी मांडणी, म्हणजे 'एनएनटी', लाउपासिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स यांनी १९८८ मध्ये सुचवली.

डॉक्टरला हा आकडा पुरतो, पेशंटला नाही. '७१' ऐकून त्याला वाटतं, प्रत्येकाला थोडाथोडा फायदा होतो. त्यापेक्षा असं सांगा: "तुमच्यासारख्या हजार जणांनी पाच वर्षं गोळी घेतली, तर १४ जणांचा त्रास टळेल. २७ जणांना तरीही होईल. उरलेल्या ९५९ जणांना गोळीशिवायही झाला नसता."

एक लक्षात ठेवा: मुळातला धोका निम्मा असेल, तर तेच ३४ टक्के धरूनही एनएनटी १४२ होतो. म्हणून कोणते रुग्ण, किती वर्षं आणि कोणती घटना, हे न लिहिता एनएनटी देऊ नका. याच अभ्यासात एकूण मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते!